गॅसचा अलार्म जमिनीलगतच का हवा?

मुलगा पुण्यात नोकरीला. त्याच्या फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आहे आणि स्वयंपाकघरात छताजवळ गॅसगळतीचा अलार्म बसवलेला आहे. दिवाळीला येताना तो तसाच एक अलार्म चिखलीला आई-वडिलांसाठी घेऊन येतो आणि पुण्यात पाहिला तसा, छताखाली अर्ध्या फुटावर ठोकून देतो. हिरवा दिवा लागतो, घरातले निर्धास्त होतात. पण तिथे ओट्याखाली सिलिंडर आहे, आणि सिलिंडरच्या गॅससाठी ती जागा अगदी उलटी आहे.

पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, म्हणून वर चढतो. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ते हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतं. गळती झाली की ते फरशीवर पसरतं, ओट्याखालच्या कप्प्यात साचतं, उंबरठ्यावरून शेजारच्या खोलीतही जातं. त्यामुळे अलार्म घेताना खोक्यावर ‘एलपीजीसाठी’ असं लिहिलेलं आहे ना, हे आधी पाहायचं आणि मग तो जमिनीपासून अर्धा ते एक फूट उंचीवर लावायचा.

उंचीने किती फरक पडतो, ते एका हिशेबावरून कळेल. दूध उतू गेलं, मोठ्या शेगडीची आच विझली आणि बटण मात्र चालूच राहिलं, असं धरू. तासाला साधारण १६० ग्रॅम, म्हणजे सुमारे ७० लिटर गॅस खोलीत येत राहतो. खोली ८ बाय १० फुटांची, दारंखिडक्या बंद. हवेत एलपीजीचं प्रमाण सुमारे १.८ टक्के झालं की ठिणगी पडताच भडका उडू शकतो. गॅस खालच्या एका फुटात साचत गेला, तर तिथे हे प्रमाण साधारण ३५ मिनिटांत गाठलं जातं. चांगला अलार्म या धोक्याच्या पातळीच्या एक पंचमांशाला किंवा त्याआधीच वाजतो. म्हणजे जमिनीलगतचा अलार्म सात-आठ मिनिटांत वाजेल. छताजवळच्या अलार्मचं काय? गॅस वरपर्यंत अगदी सारखा मिसळत गेला असं मानलं, तरी त्याला वाजायला तासाहून जास्त वेळ लागेल. आणि गॅस खालीच साचत राहिला, तर फरशीवर भडक्याची स्थिती तयार होऊनही वरचा हिरवा दिवा तसाच जळत राहील. प्रत्यक्षात हवा थोडीफार हलत असते, त्यामुळे मिनिटं मागेपुढे होतील. उंचीचा फरक मात्र राहतोच.

उंचीइतकीच महत्त्वाची आहे आडवी जागा. अलार्म सिलिंडर आणि शेगडीपासून साधारण ३ ते १० फुटांच्या आत हवा, पण शेगडीच्या अगदी पायथ्याशी नको. तिथे तेलकट वाफ सेन्सरवर बसते आणि तो मंद होत जातो. फ्रिजच्या मागे किंवा बंद कपाटातही तो नको. फरशी धुताना पाणी उडेल इतक्या खालीही नको. एक फुटाच्या आसपासची उंची म्हणूनच सोयीची. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती कूलरची. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पट्ट्यात उन्हाळाभर कूलर चालतो आणि त्याचा झोत स्वयंपाकघरापर्यंत येतो. या झोतात अलार्म असेल तर गॅस त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, दुसऱ्या कोपऱ्यात ढकलला जातो. झोत न येणारी भिंत निवडायची. बहुतेक घरांत विजेचे पॉइंट ओट्याच्या वर असतात. सोय म्हणून अलार्म तिथेच खोचला जातो, आणि नेमकं तेच टाळायचं आहे. खाली स्वतंत्र पॉइंट काढून घेण्याचा खर्च थोडा आहे, पण त्याशिवाय उपकरणाचा उपयोग नाही.

आता आपोआप गॅस बंद करणारा व्हॉल्व्ह. अलार्म वाजला की तो विजेच्या इशाऱ्याने नळीतला गॅस अडवतो. घरगुती मांडणीत तो रेग्युलेटरच्या पुढे, शेगडीकडे जाणाऱ्या नळीवर बसतो. म्हणजे त्याच्या पुढे काही झालं, नळी उंदरानं कुरतडली, शेगडीचं बटण उघडं राहिलं, तर तो खरोखर उपयोगी पडतो. पण सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग खराब असेल, किंवा रेग्युलेटर नीट बसला नसेल, तर गळती व्हॉल्व्हच्या मागे होते. अलार्म वाजेल, व्हॉल्व्ह बंद होईल आणि गॅस तरीही येत राहील. म्हणून नवा सिलिंडर लावताना तोंडावर पाण्याचे दोन थेंब टाकून बुडबुडे येतात का, हे पाहण्याची जुनी सवय व्हॉल्व्ह आला म्हणून सोडता येत नाही.

व्हॉल्व्ह घेताना फिटरला दोन गोष्टी विचारायच्या. वीज गेली की काय होतं? काही व्हॉल्व्ह विजेच्या जोरावरच उघडे राहतात, त्यामुळे वीज जाताच गॅस बंद. ते सुरक्षित खरे, पण रोज संध्याकाळी भारनियमनात शेगडी विझू लागली की घरचे कंटाळून ते काढून टाकतात. दुसऱ्या प्रकाराला बंद होण्यासाठी विजेचा इशारा लागतो. तो घेतला तर अलार्मला बॅटरी हवीच. दुसरा प्रश्न याहून मोठा: बंद झालेला व्हॉल्व्ह परत कसा उघडतो? तो हाताने दाबून किंवा ओढूनच उघडला पाहिजे. वीज आल्यावर आपोआप उघडणारा असेल, तर विझलेल्या शेगडीचं बटण तसंच राहिलेलं असताना गॅस पुन्हा सुरू होईल आणि कुणाला कळणारही नाही. बॅटरी नसलेल्या अलार्मचा सेन्सर वीज आल्यावर तापून तयार व्हायला काही मिनिटं घेतो, तेवढा वेळ तो पहारा देत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

अलार्म काय ओळखत नाही, हेही माहीत हवं. गॅसला येणारा उग्र वास हा त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. तो आपल्या नाकासाठी आहे. सेन्सर ओळखतो तो गॅस किंवा तशीच जळणारी वाफ. म्हणून सॅनिटायझर, डासांचा स्प्रे, रंगातला थिनर यांनाही तो कधी कधी वाजतो. असा खोटा गजर त्रासाचा वाटतो, पण अलार्म काढून ठेवण्यापेक्षा हे पदार्थ त्याच्यापासून दूर वापरणं बरं. याच्या उलट, बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावला की अपुऱ्या हवेमुळे तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड या अलार्मला कळत नाही. त्याला वासही नसतो. त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो, आणि त्याहून आधी, गिझर न्हाणीघराबाहेर नेऊन बसवावा लागतो.

अलार्मवरचं चाचणीचं बटण दाबलं की भोंगा वाजतो. त्यावरून एवढंच कळतं की भोंगा आणि जोडणी ठीक आहे. सेन्सर गॅस ओळखतोय की नाही, ते त्यावरून कळत नाही. सेन्सरचं आयुष्य बहुधा पाच वर्षं असतं. मुदत उपकरणावर छापलेली असते. ती भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी.

अलार्म वाजला की पंखा, दिवा, एक्झॉस्ट कशाचंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करायचे, दारंखिडक्या उघडायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि फोन बाहेर गेल्यावरच करायचा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. गळती सिलिंडरच्या तोंडातून असेल आणि जवळ जाणं शक्य असेल, तर रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी घट्ट बसवायची. ती टोपी दोरीने सिलिंडरला बांधलेली असते. सिलिंडर आला की ती जागेवर आहे ना, एवढं पाहून मगच पोचपावती द्यावी.