मनातलं बोलणं पडद्यावर कसं आणायचं?

मंडळी, आज गागोद्यात आपण ‘कोसला’पासून सुरुवात करू. भालचंद्र नेमाड्यांची ही १९६३ची कादंबरी पांडुरंग सांगवीकरच्याच तोंडून येते. त्याची धाकटी बहीण मनी जाते, तो भाग आठवा.

आता समजा, याचा सिनेमा करायचाय. कॅमेरा कोरडे डोळे दाखवील. पण ‘रडू आलं नाही’ आणि ‘रडू आवरलं’ यांतला फरक कसा दाखवणार? आम्हांला वाटतं, नकार भाषेत असतो, चेहऱ्यावर नसतो. म्हणून मग निवेदन घालतात. पण चेहरा दुःखी आणि आवाजही दुःखच सांगतोय, तर दोहोंतलं एक फुकट गेलं. पडद्यावर पंगत चाललीय आणि कानावर मनीची आठवण पडतेय, असं केलं तर आवाजाला काही काम उरतं.

जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) वाट वेगळी आहे. पत्रकार दिगू सत्तेचा सगळा खेळ पाहतो आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचं ते हसणं आपल्याला कळतं, कारण तोवर आपणही त्याच्याबरोबर सगळं पाहिलेलं असतं. तेच हसू पहिल्या दृश्यात ठेवा. रस्त्यावर नुसता एक वेडा दिसेल.