बाराशे ग्राहक, सापडले तीनशे

समजा, पुण्यातल्या एका साडीच्या दुकानदाराकडे बिलांवरून जमलेले 1200 ग्राहकांचे मोबाइल नंबर आहेत. दिवाळीआधी त्याने ही यादी फेसबुकवर चढवली, आपल्याच ग्राहकांना जाहिरात दिसावी म्हणून. सापडले जेमतेम तीनशे. बाकीचे कुठे गेले?

आधी यादी जुळते कशी ते पाहू. नंबर जसाच्या तसा ताडून पाहत नाहीत. त्यावर गणिती प्रक्रिया करून 64 अक्षरांचा एक ठसा बनवतात, त्याला हॅश म्हणतात. ठशावरून मूळ नंबर थेट उलटा काढता येत नाही, पण सगळे शक्य नंबर एकेक करून ताडले तर तो शोधता येतो. फेसबुकही आपल्याकडच्या खात्यांचे तसेच ठसे काढतं आणि दोन्हीकडचे ठसे पडताळतं. एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा पूर्ण बदलतो. ‘जवळपास सारखा’ असा प्रकारच इथे नाही.

म्हणून देशाचा 91 लावायला विसरलात किंवा पुढे शून्य राहिलं, तर जुळणी हुकू शकते. त्याहून वाईट खोड एक्सेलची. 91 धरून नंबर बारा आकडी होतो, आणि एक्सेल तो `9.19822E+11` असा आखडून दाखवतं. फाइल तशीच सीएसव्ही म्हणून जतन केली की शेवटचे आकडे कायमचे गेले. अशा नंबराचा ठसा कुणाशीच जुळणार नाही.

आपल्या दुकानदाराने नंबर दुरुस्त केले आणि जुळणी 480 वर गेली, म्हणजे 40 टक्के. उरलेल्यांपैकी काहींचं खातंच नाही, काहींनी ते दुसऱ्या नंबरवर उघडलंय. ते दुरुस्त होण्यासारखं नाही. मग त्याला हुरूप आला. पाच शाखांच्या पाच याद्या करून प्रत्येक शाखेच्या ग्राहकांसारखे नवे लोक शोधायचे त्याने ठरवलं. 480 भागिले पाच म्हणजे 96. अशा शोधासाठी मूळ यादीत एकाच देशातले किमान 100 जण जुळलेले लागतात. पाचही याद्या अडल्या. लिंक्डइनवर तर यादीला जाहिरात लावायलाच 300 जण लागतात.

ही अट जाचक वाटते, पण ती नसती तर एकाच माणसाची यादी करून फक्त त्यालाच जाहिरात दाखवता आली असती, आणि ती त्याने पाहिली की नाही हेही कळलं असतं.

विक्री मोजतानाही हीच यादी लागते, आणि तिथली चूक लवकर ध्यानात येत नाही. दिवाळीत 200 जणांनी खरेदी केली आणि त्यातले 80 जुळले, तर जाहिरातीचं श्रेय या 80 जणांतच शोधलं जातं. उरलेल्या 120 जणांपैकी कुणी जाहिरात पाहून आलं असेल, तरी ते हिशेबात येत नाही. म्हणून आकड्याला सरसकट अडीचने गुणायचा मोह होतो, पण तेही चूकच. न जुळलेले लोक जुळलेल्यांसारखेच वागतात, हे कुणी सांगितलं?

यादी चढवण्याआधी ती सीएसव्ही एकदा नोटपॅडमध्ये उघडा आणि `E+11` शोधा. एकदा जरी दिसलं, तरी मूळ फाइलकडे परत जा.