पिनचा की आट्यांचा? फोटोवरून बल्बची कॅप ओळखताना होणारे गैरसमज

गेलेल्या बल्बचा मोबाइलवर फोटो काढायचा, औरंगपुऱ्यात खरेदीला गेल्यावर दुकानदाराला दाखवायचा आणि "असाच द्या" म्हणायचं, ही आता घरोघरची रीत झाली आहे. खोलीतल्या साध्या बल्बपुरती ती चालूनही जाते. झुंबर, भिंतीवरचा शोभेचा दिवा किंवा छतातला स्पॉट लाइट असेल, तर मात्र आणलेला बल्ब होल्डरमध्ये बसत नाही आणि पुन्हा बाजारात जावं लागतं. फोटोत कॅपचा घाट दिसतो, माप दिसत नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. त्यातून रुजलेले काही गैरसमज इथे तपासू.

गैरसमज १ : पिनचा बल्ब म्हणजे एकच प्रकार.

वस्तुस्थिती : आपल्याकडे दुकानात "पिनचा द्या" म्हटलं की B22 कॅपचा बल्ब मिळतो. बाहेरच्या देशांत याच कॅपला बायोनेट म्हणतात. गुळगुळीत धातूच्या गोल कॅपच्या दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या असतात. बल्ब होल्डरमध्ये दाबून थोडा फिरवला की त्या खाचेत अडकतात. भारतातल्या घरांतला हा नेहमीचा प्रकार आहे. पण काही बल्बांना धातूची गोल कॅप नसतेच. त्यांच्या बुडातून दोन काड्या सरळ खाली येतात आणि त्यांनाही लोक पिनचाच बल्ब म्हणतात. हे दोन प्रकार एकमेकांच्या होल्डरमध्ये कधीच बसत नाहीत. म्हणून दुकानात सांगताना पिन बाजूला आहे की खाली, हे आधी सांगावं.

फोटोही दोन काढावेत : एक बाजूने, एक बुडाकडून. B22 च्या बुडाला दोन संपर्कबिंदू दिसतात, तर आट्यांच्या बल्बला मधोमध एकच. बाजूचा फोटो धूसर आला, तरी या खुणेवरून दोन्हींतला फरक कळतो.

गैरसमज २ : आटे दिसले की कोणताही आट्यांचा बल्ब चालेल.

वस्तुस्थिती : सर्वाधिक चूक इथेच होते. आट्यांच्या कॅपमध्ये आपल्याकडे दोन मापं नेहमी आढळतात, E27 आणि E14. अक्षरापुढचा आकडा म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. म्हणजे एक कॅप दुसरीच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते. तरीही जवळून काढलेल्या फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, कारण शेजारी तुलनेला काही नसतं.

यावर उपाय खिशात असतो. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर आहे, म्हणजे नेमका E27 कॅपएवढा. बल्ब टेबलावर आडवा ठेवा आणि कॅपला लागून हे नाणं ठेवा. नाणं खाली आणि कॅपचा मधला भाग वर, असं झालं तर माप थोडं फसतं. म्हणून नाण्याखाली काडेपेटी ठेवून ते साधारण कॅपच्या मध्याच्या उंचीवर आणावं. मग हातभर अंतरावरून, अगदी वरून फोटो घ्यावा.

आता एक उदाहरण पाहू. समजा, औरंगपुऱ्यातल्या एका घरात झुंबरातला मेणबत्तीच्या आकाराचा बल्ब गेला. नाण्यासह काढलेला फोटो मोठा करून पडद्यावर पट्टी लावली, तेव्हा नाणं 54 मिलिमीटर भरलं आणि आटे 28 मिलिमीटर. खरं नाणं 27 चं, म्हणजे पडद्यावर सगळं दुप्पट दिसतंय. त्यामुळे आट्यांची खरी रुंदी 14 मिलिमीटर. कॅप E14 आहे. नाणं नसतं, तर हाच फोटो पाहून कुणीही E27 हातात ठेवला असता. माप एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे आलं, तरी 14 आणि 27 मध्ये गोंधळ होत नाही.

बाजूच्या पिनच्या बल्बालाही हीच रीत लागू पडते. नेहमीची B22 कॅप नाण्यापेक्षा थोडी अरुंद दिसेल. ती नाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरली, तर B15 ही धाकटी कॅप समजावी.

गैरसमज ३ : खाली दोन काड्या असलेले स्पॉट लाइट सगळे सारखे.

वस्तुस्थिती : यांत दोन प्रकार नेहमी भेटतात आणि दोन्हींचा समोरचा भाग हुबेहूब सारखा दिसू शकतो. GU10 च्या काड्या जाड असतात आणि त्यांच्या टोकाला बोंडासारखा फुगवटा असतो. दोन काड्यांच्या मध्यांतलं अंतर 10 मिलिमीटर. तो होल्डरमध्ये फिरवून अडकवायचा असतो आणि घरच्या 230 व्होल्ट पुरवठ्यावर चालतो. GU5.3 च्या काड्या बारीक आणि सरळ असतात, अंतर साधारण निम्मं. तो नुसता खोचायचा असतो आणि बहुधा 12 व्होल्टवर चालतो. त्यासाठी छतात वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर बसवलेला असतो. म्हणून स्पॉट लाइटचा समोरून काढलेला फोटो निरुपयोगी. तो बाहेर काढून काड्यांचा बाजूने फोटो घ्यावा.

छतातल्या बऱ्याच नव्या एलईडी दिव्यांत बदलायचा बल्बच नसतो. मागे वायर आणि ड्रायव्हरची डबी दिसली, तर कॅप शोधत बसू नये. अशा वेळी ड्रायव्हर किंवा अख्खा दिवा बदलावा लागतो.

गैरसमज ४ : कॅप बसली, म्हणजे बल्ब चालणारच.

वस्तुस्थिती : कॅपवरून फक्त बल्ब बसेल की नाही हे कळतं, व्होल्टेज कळत नाही. अमेरिकेत E26 ही कॅप वापरतात. ती आपल्या E27 होल्डरमध्ये सहसा नीट बसते. पण तिथला बल्ब 120 व्होल्टचा असेल, तर आपल्या 230 व्होल्टवर तो लगेच निकामी होतो. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला शोभेचा दिवा लावण्याआधी बल्बवरचा आकडा वाचावा. 220-240V असं लिहिलेलं असेल तरच तो थेट लावावा.

B22 च्या होल्डरमध्ये E27 बल्ब बसवणारा कन्व्हर्टरही बाजारात मिळतो. हलक्या एलईडी बल्बला तो चालतो. पण त्याने कॅप बदलते, व्होल्टेज नाही. शिवाय बल्बची लांबी वाढते, त्यामुळे बंद काचेच्या दिव्यात तो टेकतो किंवा झाकण लागत नाही.

गैरसमज ५ : वॉट सांगितले की दुकानदाराला सगळं कळतं.

वस्तुस्थिती : वॉट आणि कॅप यांचा संबंध नाही. 9 वॉटचा एलईडी बल्ब B22 मध्येही मिळतो आणि E27 मध्येही. खरी माहिती बल्बच्या मानेवर बारीक अक्षरांत छापलेली असते. वॉट, व्होल्ट आणि पुष्कळदा कॅपचा प्रकारही तिथेच सापडतो. पहिला फोटो या अक्षरांचा घ्यावा. ती वाचता आली, तर मापं काढायची गरजच उरत नाही.

बल्ब काढण्याआधी मात्र मेन स्विच बंद करावा. भिंतीवरचं बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल, तर ते बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. बल्ब थंड झाल्यावर काढावा आणि फोटोंसाठी होल्डरमध्ये बोट किंवा पट्टी घालू नये. छापील अक्षरं, बाजू नाण्यासह आणि बूड असे तीन फोटो दुकानात दाखवा. आणि जुना बल्ब फुटलेला नसेल, तर तो फेकू नका, कागदात गुंडाळून सोबत न्या.