शब्दकोड्याची चौकट कशी बांधतात?

मासिकाच्या पानावरचे शब्दकोडे सोडवणाऱ्याच्या हाती आधी सूचना येतात आणि शब्द नंतर. रचणाऱ्याचे काम नेमके उलट्या क्रमाने चालते. आधी शब्द चौकटीत बसवायचे, मग घरांना आकडे द्यायचे आणि सूचना अगदी शेवटी लिहायच्या.

मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर येते, तेही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणून ‘कपाट’ला तीन घरे लागतात आणि ‘टक्कर’लाही तीनच. इंग्रजीसाठी केलेली संगणक-प्रणाली इथे फसते. ती काना वेगळा मोजते आणि ‘कपाट’ची चार घरे करते, तर ‘टक्कर’ची पाच.

खरी कसोटी लागते ती आडवा आणि उभा शब्द एकमेकांना छेदतात त्या घरात. इंग्रजीत तिथे सव्वीसांपैकी एक अक्षर जुळले की झाले. आपल्याकडे ‘क’ला ‘का’ चालत नाही आणि ‘वि’ला ‘वी’ चालत नाही. समजा, आडवा शब्द ‘पदवी’ घेतला आणि त्याच्या शेवटच्या घरातून खाली ‘विहीर’ काढायची म्हटली, तर ती निघत नाही. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी बहुधा दीर्घ असते, तर विहीर, विमान, विठोबा ऱ्हस्वाने सुरू होतात. त्या घरातून वीज, वीट, वीणा असेच शब्द काढावे लागतात.

तीन बाय तीनची, मधले घर काळे असलेली चौकट घेऊन पाहू. वरच्या ओळीत ‘कमळ’ लिहिले की काम तिथेच अडते. उजव्या कोपऱ्यातून खाली जाणारा शब्द ‘ळ’ने सुरू व्हायला हवा आणि तसा शब्द मराठीत नाही. ‘ण’चीही तीच गत. ही अक्षरे शब्द संपतो अशाच घरात सुखाने राहतात, म्हणून ‘कमळ’ तळाच्या ओळीत चालेल. वर ‘कमान’ घेऊ. ‘क’पासून खाली ‘कपाट’, ‘न’पासून खाली ‘नजर’. आता तळाला ‘ट’ने सुरू होणारा आणि ‘र’ने संपणारा तीन अक्षरी शब्द हवा, तो म्हणजे ‘टक्कर’.

क – मा – न
पा – ■ – ज
ट – क्क – र

चारही कोपऱ्यांत साधी, बिनकान्याची अक्षरे आली आहेत आणि जोडाक्षर अशा घरात आहे जिथे दुसरा शब्द येत नाही. मोठी चौकट भरतानाही मी याच धोरणाने जाते. क, र, न, स, त, प, म ही अक्षरे छेदाच्या घरांत ठेवायची आणि अवघड अक्षरे मोकळ्या घरांत.

आकडे देताना वरच्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे जायचे. ज्या घरातून शब्द सुरू होतो त्यालाच आकडा मिळतो, आणि एकाच घरातून आडवा व उभा असे दोन्ही निघाले तरी आकडा एकच. आपल्या चौकटीत डावा वरचा कोपरा १, उजवा २ आणि डावा खालचा ३. आडवे शब्द १ व ३, उभे शब्द १ व २. चौकट पक्की होईपर्यंत आकड्यांना हात लावू नये. नंतर एक घर जरी काळे केले तरी पुढचे सगळे आकडे सरकू शकतात, सूचनांची यादी मात्र जुन्याच आकड्यांची राहते. छापून आलेल्या कोड्यांत चूक सापडते ती बहुधा इथेच.

आता सूचना. आपल्या चौकटीतली मधली घरे एकाच शब्दात आहेत, म्हणजे ती भरायला दुसऱ्या शब्दाची मदत मिळत नाही. दोन्ही टोके जुळूनही ‘कमान’च्या जागी ‘कथन’ किंवा ‘कवन’ बसते, ‘कपाट’च्या जागी ‘कपट’ आणि ‘नजर’च्या जागी ‘नगर’. तेव्हा सूचनेने उत्तर एकच ठरवले पाहिजे. ‘नजर’साठी नुसते ‘लक्ष’ लिहिणे ढिले आहे. ‘हिच्यापुढे कैद जोडली की माणूस घरातच अडकतो’ असे लिहिले तर दुसरे काही बसत नाही. ‘टक्कर’ला ‘झुंज’ म्हटले तर कुणी ‘लढत’ लिहील, कुणी ‘सामना’. ही शक्यता ‘कपाट’चा ‘ट’ आणि ‘नजर’चा ‘र’ मोडून काढतात, म्हणून इथे ती सूचना चालते. छेद नसलेल्या शब्दाला अशी सूचना देणे हा सोडवणाऱ्यावर अन्याय आहे.

छापायला देण्याआधी कोडे उत्तर माहीत नसलेल्या एखाद्याकडून पेनाने सोडवून घ्या. जिथे तो खोडेल, ती सूचना पुन्हा लिहा.