एक ज्यूल कुठे गेला?

न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’मध्ये आवाजाचा हवेतला वेग केवळ गणिताने काढून दाखवला. हवेचा दाब आणि तिची घनता, एवढ्या दोनच गोष्टी त्याने हाताशी घेतल्या होत्या. १७१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचं उत्तर सेकंदाला ९७९ फूट असं आहे. पण त्याच्या काही वर्षं आधी एसेक्स परगण्यातल्या विल्यम डेरहॅम या पाद्र्याने चर्चच्या मनोऱ्यावरून दूरच्या तोफांचा जाळ पाहून आणि आवाज ऐकून मधला वेळ मोजला होता, आणि त्यावरून वेग येत होता ११४२ फूट. न्यूटनने हवेच्या कणांची जाडी हिशेबात धरली, हवेतली वाफ धरली, आणि उत्तर ओढूनताणून ११४२ वर आणलं. खरी अडचण मात्र कणांच्या जाडीत नव्हती आणि वाफेतही नव्हती. हवा किंचित दाबली गेली की तिचा दाब किती वाढतो, या साध्या प्रश्नाचं उत्तर त्याने चुकीच्या वक्रावरून घेतलं होतं. हे वक्र दोन आहेत, आणि अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात ते एकाच आलेखावर शेजारी शेजारी काढलेले असतात.

आलेखाच्या आडव्या अक्षावर वायूचं आकारमान, उभ्या अक्षावर त्याचा दाब. वायूचं तापमान कायम ठेवून त्याला दाबत किंवा पसरवत नेलं, तर मिळणारा वक्र आयसोथर्मल. उष्णता आतही येऊ द्यायची नाही आणि बाहेरही जाऊ द्यायची नाही, अशा बंदोबस्तात तेच केलं, तर मिळणारा वक्र ॲडिआबॅटिक. दोन्ही डावीकडून उजवीकडे उतरत जातात. पण ज्या बिंदूत ते एकमेकांना छेदतात, तिथे ॲडिआबॅटिक जास्त उभा असतो. पुस्तकात याचं कारण दोन ओळींत उरकतात: एकाचं समीकरण PV = स्थिर, म्हणून चढ −P/V; दुसऱ्याचं PV^γ = स्थिर, म्हणून चढ −γP/V; आणि γ एकापेक्षा मोठा. यात काही चूक नाही. पण γ एकापेक्षा मोठा का, हे त्यातून कळत नाही, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

म्हणून प्रत्यक्ष हवा घेऊ. एका सिलिंडरमध्ये एक लिटर हवा आहे. तिचा दाब एक लाख पास्कल, म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या वातावरणाएवढा, आणि तापमान ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश सेल्सिअस. आता दट्ट्या इतकाच आत ढकलायचा की आकारमान दहा मिलिलिटरने, म्हणजे एक टक्क्याने, कमी होईल. ढकलताना आपल्याला किती काम पडलं? दाब गुणिले आकारमानातला बदल. एक लाख पास्कल गुणिले एक लाखांश घनमीटर, म्हणजे बरोबर एक ज्यूल. हा ज्यूल आपण वायूला दिला. तो पुढे कुठे जातो, यावर वक्र कोणता हे ठरतं.

सिलिंडर तांब्याचा असेल, भोवती पाण्याची बादली असेल आणि दट्ट्या अगदी सावकाश सरकत असेल, तर तो ज्यूल उष्णता होऊन भिंतीतून पाण्यात जातो. हवेचं तापमान होतं तेवढंच राहतं. रेणूंचा वेग तोच, फक्त त्यांना जागा एक टक्का कमी. भिंतीवर त्यांचे आघात तेवढ्या प्रमाणात वाढतात आणि दाब एक टक्क्याने चढतो. हा आयसोथर्मल मार्ग झाला.

आता सिलिंडरभोवती उष्णतारोधक गुंडाळू. ज्यूलला बाहेर जायला वाट नाही. तो हवेतच राहतो आणि रेणूंचा वेग वाढवतो. आपल्या या एक लिटर हवेचं वजन जेमतेम १.१६ ग्रॅम, आकारमान स्थिर असताना ती एक अंशाने तापवायला ०.८३ ज्यूल पुरतात. म्हणजे एका ज्यूलने ती १.२ अंशाने तापते. तीनशेवर १.२ म्हणजे ०.४ टक्के. जागा आक्रसल्यामुळे दाब एक टक्का वाढला होताच, त्यात तापल्यामुळे आणखी ०.४ टक्क्याची भर पडली. एकूण १.४ टक्के. हवेचा γ म्हणजे १.४ तो हाच. त्यातला ‘एक’ गर्दीचा आहे आणि ‘दशांश चार’ तापण्याचा. दोन्ही वाटांवर गर्दी सारखीच होते. ॲडिआबॅटिक वाटेवर तापण्याची भर जास्तीची. म्हणून तो वक्र उभा.

पाऊल लहान होतं म्हणून फरकही लहान दिसला. हीच हवा निम्म्या आकारमानावर आणली, तर आयसोथर्मल मार्गाने दाब दुप्पट होतो, ॲडिआबॅटिक मार्गाने तो २.६४ पट होतो आणि हवा सुमारे १२३ अंश सेल्सिअसला पोचते. सायकलच्या टायरमध्ये भराभर हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चांगलंच गरम लागतं. त्यात घर्षणाचा वाटा थोडा, मोठा वाटा याच कोंडलेल्या ज्यूलचा. मात्र पंपातली हवा पूर्णपणे कोणत्याच एका वक्रावर चालत नसते. थोडी उष्णता धातूतून निसटते, त्यामुळे तिची वाट दोघांच्या मधून जाते.

उलट दिशेला, वायू पसरताना, काम वायू करतो. बादलीतल्या सिलिंडरमध्ये त्या कामाची ऊर्जा पाण्यातून भरून मिळते. उष्णता कोंडलेल्या वायूला मात्र ती पदरमोड करूनच द्यावी लागते, आणि तो थंड पडतो. आकारमान दुप्पट झालं की आयसोथर्मल दाब निम्म्यावर येतो. ॲडिआबॅटिक दाब ०.३८ वर घसरतो आणि तापमान शून्याखाली ४६ अंशांपर्यंत जातं. म्हणूनच छेदबिंदूच्या डावीकडे ॲडिआबॅटिक वक्र वर असतो आणि उजवीकडे खाली. परीक्षेत आकृती काढताना अनेकांची गडबड होते ती नेमकी इथे.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. नुसती उष्णता कोंडल्याने हा वक्र मिळत नाही. उष्णतारोधक पेटीत मधे पडदा आहे, एका बाजूला हवा आणि दुसरीकडे निर्वात. पडदा फाटला आणि हवा सगळ्या पेटीत पसरली. उष्णता आत-बाहेर गेलेली नाही, तरी तापमान जवळजवळ तेच राहतं, कारण वायूने कोणाला ढकललंच नाही. काम झालं नाही, त्यामुळे द्यायचं काही नव्हतं. वक्राचा उभेपणा येतो तो कामाच्या देवाणघेवाणीतून. उष्णतेचा अडसर फक्त त्या ज्यूलची वाट बंद करतो.

वायू बदलला की उभेपणाही बदलतो. सिलिंडरमध्ये हवेऐवजी हेलियम भरा. त्याचे अणू एकेकटे, ऊर्जा घेऊन ते फक्त इकडून तिकडे धावू शकतात. तोच एक ज्यूल त्यांना पूर्ण दोन अंश तापवतो आणि γ होतो १.६७. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू जोडीचे असतात. ते गिरक्याही घेतात, काही ऊर्जा तिकडे खर्ची पडते, म्हणून १.४. कार्बन डायऑक्साइडचा रेणू याशिवाय कंपही पावतो. त्याचा γ सुमारे १.३. ज्यूल एकच, पण तो जितक्या ठिकाणी वाटला जाईल तितकं तापमान कमी वाढतं आणि वक्र तितका आयसोथर्मलकडे झुकतो.

आता आवाजाकडे वळू. आवाज म्हणजे हवेत एकाआड एक धावणारे दाट आणि विरळ पट्टे. वेग ठरतो तो हवा दाबायला किती ताठ आहे यावरून, आणि ताठपणा म्हणजेच आपल्या वक्राचा चढ. न्यूटनने दाब घनतेच्या प्रमाणात वाढतो असं धरलं, म्हणजे आयसोथर्मल चढ घेतला. शून्य अंश सेल्सिअसच्या हवेसाठी त्या हिशेबाने सेकंदाला २८० मीटर येतात. दाट पट्ट्यातली हवा तापते आणि तिची उष्णता शेजारच्या विरळ पट्ट्यात जायला वेळच मिळत नाही, हे फ्रान्समध्ये लाप्लासने ओळखलं आणि १८१६ साली दुरुस्ती प्रसिद्ध केली. चढ १.४ पट, म्हणून वेग १.४ च्या वर्गमूळाएवढा, म्हणजे १.१८ पट. २८० चे ३३१ झाले, आणि मोजून येणारा वेगही ३३१ च आहे.

‘कंपनं भराभर होतात म्हणून ती ॲडिआबॅटिक’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मला अपुरं वाटतं. पाचशे कंपनांचा सूर घ्या. त्याच्या दाट आणि विरळ पट्ट्यांमधलं अंतर सुमारे ३४ सेंटिमीटर. स्थिर हवेतून एवढ्या अंतरावर उष्णता झिरपायला तासाभराहून जास्त वेळ लागेल, आणि पट्टे तर एक हजारांश सेकंदात जागा बदलतात. सूर खाली नेला की वेळ वाढतो, पण अंतरही वाढतं, आणि झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून खर्जातला सूर सावकाश असूनही उलट जास्तच ॲडिआबॅटिक ठरतो.

दोन चढांचं गुणोत्तर थेट मोजायचं असेल, तर क्लेमां आणि देझोर्म या फ्रेंच जोडीने १८१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत केला जातो. मोठ्या काचेच्या बरणीत थोडी जास्त हवा भरायची, ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं आणि दाबमापकाच्या नळीतल्या पातळ्यांचा फरक टिपायचा. समजा तो १४ सेंटिमीटर आहे. मग बूच क्षणभर उघडून लगेच बंद करायचं. हवा फुस्सकन बाहेर जाते, आतली पसरून गार होते आणि दाब वातावरणाएवढा होतो. म्हणजे ॲडिआबॅटिक उतरण १४ ची. आता स्वस्थ बसायचं. हवा खोलीतून उष्णता घेते आणि पातळ्यांत पुन्हा फरक दिसू लागतो, समजा ४ सेंटिमीटर. तापमान पहिल्याएवढंच झालं, पसरण तीच, आणि एकूण उतरण १०. ही झाली आयसोथर्मल उतरण. १४ भागिले १० म्हणजे १.४.

हा प्रयोग फसतो तो हातांमुळे. बूच जास्त वेळ उघडं राहिलं, तर गार झालेली हवा उघड्या तोंडीच तापू लागते आणि दुसरा फरक कमी येतो. तो स्थिर व्हायच्या आत घाईने वाचला, तरी तेच. दोन्ही चुका उत्तर एकाच बाजूला, म्हणजे खाली, ढकलतात. तेव्हा जर्नलमध्ये १.२ आलं, तर सूत्र तपासत बसू नका. बरणी पुन्हा भरा, बूच चटकन लावा आणि पाण्याची पातळी थांबेपर्यंत धीर धरा.