चॅटवरचा मेसेज साहेबांच्या मेलबॉक्सात

गुरुवारी संध्याकाळी एक कनिष्ठ सहकारी आपल्या वरिष्ठ मॅडमना चॅटवर लिहितो : ‘मॅडम तो रिपोर्ट उद्या नाही होणार, नाशिकवाल्यांनी आकडे दिलेच नाहीयेत अजून 😅 सोमवारी देतो, चालेल ना?? आणि जरा बोला ना त्यांच्याशी’

यात उद्धट काही नाही. पण मॅडम हाच मजकूर त्यांच्या वरिष्ठांना पुढे पाठवू शकतील का? ऑफिसच्या मजकुराची खरी कसोटी ही. तो तिसऱ्या माणसाने, दोन दिवसांनी, मागचा संदर्भ ठाऊक नसताना वाचला तरी कळायला हवा. इथे ‘तो रिपोर्ट’ म्हणजे कोणता? शुक्रवारी सकाळी वाचणाऱ्याला ‘उद्या’ म्हणजे शनिवार वाटेल. ‘दिलेच नाहीयेत’ मधला ‘च’ तर थेट तक्रार करतो, आणि मेल नाशिकला पोचला की भांडण ठरलेलंच.

आता तोच मजकूर मेलवर :

विषय : जुलैचा विक्री अहवाल – सोमवार, २५ ऑगस्टपर्यंत मुदत मिळण्याबाबत

मॅडम,
जुलैचा विक्री अहवाल शुक्रवारी, २२ ऑगस्टला द्यायचा आहे. नाशिक शाखेचे आकडे अद्याप मिळालेले नाहीत. त्यासाठी मी सोमवारी आणि बुधवारी मेल पाठवले होते. उरलेल्या चार शाखांचा भाग तयार असून सोबत जोडला आहे. नाशिकचे आकडे शुक्रवारी मिळाल्यास पूर्ण अहवाल सोमवारी दुपारी १२ पर्यंत देऊ शकेन. ही मुदत चालेल का, ते कृपया कळवावे. शक्य झाल्यास आपण नाशिकच्या शाखाप्रमुखांशी एकदा बोलावे, ही विनंती.

मजकूर लांबला, पण शोभेसाठी नाही. ‘मिळालेले नाहीत’ म्हटल्यावर परिस्थिती कळते आणि दोष कुणाच्या माथी बसत नाही. पाठपुराव्याचे दोन वार दिल्याने आपण हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, हे न सांगता समजतं. ‘चालेल ना??’ होकार गृहीत धरतं. ‘चालेल का, ते कळवावे’ निर्णय मॅडमवर सोडतं. ‘बोला ना’ मधली लाडीगोडी जाऊन ‘बोलावे, ही विनंती’ आलं.

एवढ्यावर थांबावं. काहीजण याच्या पुढे जाऊन ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ अशी सरकारी फाइल उघडतात आणि मुदतवाढीची मागणी चौथ्या ओळीत गाडतात. खासगी कंपनीत तर ते थट्टेसारखंच वाटतं. ‘आपण’ की ‘तुम्ही’, हे ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे ठरवा. फक्त एकाच मेलमध्ये दोन्ही नकोत. घाईत नेमकी तीच गफलत होते, म्हणून पाठवण्याआधी क्रियापदांवर एकदा नजर फिरवावी.

उत्तर तासाभरात हवं असेल तर मात्र आधी फोन करावा आणि जे ठरलं ते मेलवर दोन ओळींत लिहून ठेवावं.