रेंज कमी असेल तर व्हिडिओ कॉलवर आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा

मोबाईलवर दोन कांड्या रेंज आहे, समोरचा माणूसही स्पष्ट दिसतोय, पण तो सारखं म्हणतो, "तुमचा आवाज तुटतोय." वाडी-वस्तीवर हे रोजचंच झालंय. यामागचं कारण साधं आहे. टॉवरची ताकद मोठी असल्यामुळे त्याचा सिग्नल फोनपर्यंत नीट येतो. फोनची स्वतःची ताकद मात्र जेमतेम ०.२ वॅट, त्यामुळे लांबच्या टॉवरपर्यंत आपलं चित्र पोचवताना तो दमतो. म्हणजे अडचण येणाऱ्या नव्हे, तर जाणाऱ्या डेटाची असते.

समजा, गावातल्या एका मुलीची सकाळी ११ वाजता झूमवर नोकरीची मुलाखत आहे. झूम कंपनीच्याच आकड्यांनुसार दोघांच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला सुमारे ६०० केबीपीएस वेग लागतो, नुसत्या आवाजाला ६० ते ८०. तिच्या घरातून ३०० जात असेल, तर चित्र अडखळणार, पण आवाज आरामात जाईल. म्हणून सुरुवातीला कॅमेरा लावून नमस्कार करावा आणि आवाज तुटू लागला की तसं सांगून Stop Video दाबावं. बोलणं ऐकू न येण्यापेक्षा चेहरा न दिसलेला बरा. आवाजही गेला तर साध्या फोनवर बोलता यावं, म्हणून आपला नंबर आधीच कळवून ठेवावा.

आता मागचं घर अंधुक करणाऱ्या ब्लरबद्दल. ब्लरने नेट जास्त जातं असं अनेकांना वाटतं. खरं तर त्याचा भार नेटवर नाही, फोनवर पडतो. स्वस्त फोन पाच-दहा मिनिटांत तापतो आणि चित्र अडकायला लागतं. ओळखायचं कसं? स्क्रीनच्या कोपऱ्यात आपलंच छोटं चित्र दिसतं ना, ते नेटवरून येत नाही. तेच अडखळत असेल तर दोष फोनचा. Background and effects मध्ये जाऊन None निवडा. मागे साधी भिंत असली की ब्लर लागतच नाही.

व्हॉट्सॲपवर Settings, मग Storage and data, आणि तिथलं Use less data for calls सुरू करा. चित्र थोडं धुरकट होईल, पण कॉल टिकतो. तरीही तुटला तर कॉल न कापता कॅमेऱ्याचं बटण दाबा, बोलणं चालूच राहतं.

बँकेच्या व्हिडिओ केवायसीत मात्र कॅमेरा बंद करून चालत नाही. त्यासाठी रेंज असलेली जागाच गाठावी लागते. आदल्या दिवशी त्याच वेळेला गच्चीवर, नाहीतर टॉवरच्या बाजूच्या खिडकीपाशी पाहुण्यांना एक कॉल लावून बघा आणि त्यांनाच विचारा, "मी नीट दिसतोय का?" आपल्याला ते कसे दिसतात, यावरून काही कळत नाही.